विश्लेषण : पाणी कधी बंद, हे फोटोत लिहिलंय, पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं?

उन्हाळा सुरू झाला की शहरांच्या आणि नगरपालिकांच्या पानांवर एकाच प्रकारच्या पोस्ट दिसू लागतात. निळा चौकोन, कोपऱ्यात नळाचं चित्र, मधे मोठ्या अक्षरांत ‘पाणीपुरवठा बंद’ आणि खाली तारीख, वेळ व भागांची नावं. वर पोस्टच्या मजकुरात एवढंच लिहिलेलं असतं : ‘नागरिकांनी नोंद घ्यावी.’ ज्याला दिसतं तो नोंद घेतो. जो दृष्टिहीन आहे आणि मोबाइल स्क्रीन रीडरने ऐकत वापरतो, त्याला नोंद घ्यायची आहे एवढंच कळतं. कशाची, ते चित्रात अडकलेलं असतं.

चित्रामागे लिहिलेल्या वर्णनाला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ते पडद्यावर सहसा दिसत नाही, पण स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. आता बहुतेक पोस्ट आठवडाभर आधी तयार करून ठरलेल्या वेळी आपोआप जातील अशा लावून ठेवतात. त्यामुळे हे वर्णनही आपोआप भरावं, असं वाटणं साहजिक आहे. ते शक्यही आहे. मात्र आपोआप भरलेलं वर्णन आणि उपयोगी पडणारं वर्णन यांत बरंच अंतर राहतं.

फेसबुक स्वतः वर्णन देतं ना?

देतं. फेसबुकने ही सोय २०१६ मध्ये सुरू केली. तेव्हा यंत्राला साधारण शंभर गोष्टी ओळखता येत होत्या. २०२१ च्या सुधारणेनंतर ही संख्या बाराशेच्या वर गेली. इन्स्टाग्रामवर ही सोय २०१८ पासून आहे. यंत्राची खात्री नसते, म्हणून वर्णनाची सुरुवात `May be an image of` अशी सावध असते. समुद्रकिनाऱ्यावरच्या दोन माणसांच्या फोटोला हे काही प्रमाणात चालून जातं. पाण्याच्या सूचनेला मात्र `May be an image of text` एवढंच मिळालं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चित्रात मजकूर आहे हे त्यालाही ठाऊक होतं. मजकूर काय, हाच प्रश्न होता.

मग चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन वापरावं, ही पुढची कल्पना. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं :

```
tesseract suchana.png stdout -l mar
```

छापील पुस्तकाच्या स्वच्छ पानावर ते बरं काम करतं. रंगीत पार्श्वभूमी, सजावटीचा फॉण्ट आणि सावली दिलेली अक्षरं आली की ते घसरतं. देवनागरी अंकांची अडचण तर खासच आहे. आपला १ यंत्राला इंग्रजी 9 सारखा भासतो आणि ४ हा 8 सारखा. त्यामुळे ‘१४ मे’ चं ‘98 मे’ होऊ शकतं. ही चूक निदान उघडी पडते, कारण ९८ तारीख नसतेच. पण ‘दुपारी १ वाजता’ चं ‘दुपारी 9 वाजता’ झालं, तर घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून ते सहज निसटतं. अक्षरांमध्ये ‘ख’ आणि ‘रव’ यांची अदलाबदल जुनीच आहे.

चित्र पाहून सलग वाक्यांत वर्णन लिहिणारी नवी एआय साधनं ‘98 मे’ लिहीत नाहीत, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. त्यांची वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की चूक कानाला खटकत नाही. न वाचता आलेली वेळ ते शोभेलशा वेळेने भरून काढू शकतात. शिवाय त्यांचं लक्ष नळाच्या चित्राकडे, निळ्या रंगाकडे, कोपऱ्यातल्या बोधचिन्हाकडे जातं. नळ निळा होता की हिरवा, याने कोणाच्या घरात पाणी भरलं जात नाही.

मग आपोआप कसं करायचं?

उलट दिशेने. सूचनेचं चित्र कोणीतरी माहितीवरूनच बनवलेलं असतं. तारीख, वेळ आणि भाग हे चित्र तयार होण्याआधी कुठेतरी शब्दांत लिहिलेले असतात : पाणीपुरवठा विभागाच्या पत्रात, व्हॉट्सॲपवरच्या निरोपात किंवा एक्सेलच्या तक्त्यात. आधी त्या शब्दांचं चित्र करायचं आणि मग यंत्राकडून चित्राचे पुन्हा शब्द करून घ्यायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. ज्या तक्त्यावरून चित्र बनतं, त्याच ओळीतून ऑल्ट टेक्स्टही बनवावं.

समजा एका गावाच्या पानासाठी तक्ता केला. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात सुरुवातीची वेळ, तिसऱ्यात शेवटची, चौथ्यात भाग आणि पाचव्यात नंतरची सूचना. सहाव्या रकान्यात हे सूत्र :

```
="पाणीपुरवठा बंद. "&A2&", "&B2&" ते "&C2&". भाग: "&D2&". "&E2
```

निघतं ते असं : ‘पाणीपुरवठा बंद. गुरुवार, १४ मे २०२६, सकाळी ९ ते रात्री ९. भाग: स्टेशन रोड, जुना बाजार, शिक्षक कॉलनी. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल.’ ‘हे एक चित्र आहे’ असं सुरुवातीला लिहायची गरज नाही. चित्र असल्याचं स्क्रीन रीडर स्वतः सांगतो.

इथेही एक खड्डा आहे. एक्सेल तारीख आतमध्ये आकड्याच्या रूपात ठेवतं. रकाना तारखेचा असेल तर वरचं सूत्र ‘१४ मे’ ऐवजी 46156 असा आकडा जोडतं, आणि सकाळी नऊच्या जागी 0.375 येतं. तक्त्यात सगळं नीट दिसतं, चित्रातही नीट दिसतं. फक्त ऐकणाऱ्याला ‘शेहेचाळीस हजार एकशे छप्पन्न’ ऐकू येतं. म्हणून हे रकाने आधी मजकूर म्हणजे `Text` प्रकारचे करून घ्यावेत आणि तारीख वारासकट शब्दांत लिहावी.

वेळ लावून ठेवलेल्या पोस्टचा आणखी एक सापळा म्हणजे ‘उद्या’ हा शब्द. मंगळवारी लिहिलेलं ‘उद्या’ बुधवारी संध्याकाळी प्रसिद्ध झालं की अर्थ बदलतो. चित्र पाहणारा तारखेवरून सावरून घेतो. वर्णनात नुसतं ‘उद्या’ असेल तर ऐकणारा फसतो.

उपयोगी आहे का, हे कसं तपासायचं?

काही गोष्टी यंत्रच अडवू शकतं. वर्णन रिकामं आहे, त्यात फाइलचं `IMG_2041.jpg` असं नावच आहे, ते `May be an image` ने सुरू होतं, किंवा कालच्या वर्णनाशी अक्षरशः जुळतं, तर पोस्ट पुढे जाऊ द्यायची नाही. यातला शेवटचा प्रकार सर्वांत जास्त घडतो. ऑल्ट टेक्स्ट पोस्टला नव्हे, त्या त्या चित्राला जोडलेलं असतं. मागच्या आठवड्याची पोस्ट नक्कल करून नवी केली की जुनं वर्णन नव्या चित्रामागे राहू शकतं. आणि लावलेल्या पोस्टमधलं चित्र ऐनवेळी बदललं की वर्णन कोरं होऊ शकतं. वर्णन आहे की नाही एवढंच पाहणारी तपासणी पहिल्या प्रकाराला बिनदिक्कत पास करते.

यंत्राला न कळणारा भाग माणसाने पाहायचा. त्यासाठी चित्र झाकून फक्त वर्णन एखाद्या सहकाऱ्याला फोनवर वाचून दाखवावं आणि विचारावं : पाणी कोणत्या दिवशी नाही, किती ते किती, कुठे नाही, आणि मी काय करू? चारही उत्तरं मिळाली तर वर्णन कामाचं. एकासाठीही ‘थांब, चित्र बघून सांगतो’ म्हणावं लागलं, तर परत लिहायला घ्यायचं. हीच कसोटी पोस्टनुसार बदलते. पावसाच्या इशाऱ्याच्या नकाशात कोणता जिल्हा कोणत्या रंगात, हे विचारायचं. सत्कार समारंभाच्या फोटोत कोण कोणाचा सत्कार करत आहे, ते. दिवाळीच्या शुभेच्छांना एक ओळ पुरते.

भागांची यादी चाळीस नावांची असेल तर काय? एक्सवर वर्णनाला १,००० अक्षरांची मर्यादा आहे, मॅस्टोडॉनवर सहसा १,५०० ची. पण मर्यादेत बसलं तरी लांबलचक वर्णन ऐकताना मधेच थांबून मागे जाणं त्रासाचं असतं. अशा वेळी संपूर्ण यादी पोस्टच्या मजकुरात द्यावी आणि वर्णनात ‘पाणीपुरवठा बंदची सूचना, भागांची पूर्ण यादी पोस्टच्या मजकुरात’ एवढंच म्हणावं. मजकुरात सगळं असताना वर्णनात तेच पुन्हा भरलं, तर ऐकणाऱ्याला दोनदा ऐकावं लागतं.

पोस्ट लावली, आता झालं?

अजून एकदा पाहावं लागतं, पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी पोस्ट टाकणारं साधन एका ठिकाणी वर्णन पोहोचवतं आणि दुसरीकडे वाटेतच टाकून देतं, असं होतं. एक्स आणि मॅस्टोडॉनवर चित्राच्या कोपऱ्यात `ALT` अशी खूण दिसते. ती दाबून वाचता येतं. फेसबुकवर खात्री करायची तर फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करून चित्रावर बोट ठेवावं. ‘सकाळी ९’ चा उच्चार ‘नऊ’ होतो का, मराठी वाक्य इंग्रजी आवाजात चिरडलं जातं का, हेही तिथेच कळतं. आवाज कोणता असावा हे ऐकणाऱ्याच्या फोनवर ठरतं, ते आपल्या हातात नाही. मात्र मराठी सूचनेचं वर्णन देवनागरीतच लिहिणं आपल्या हातात आहे. ‘Pani band’ असं रोमन लिपीत लिहिलेलं मराठी कुठलाच आवाज नीट वाचत नाही.

सरकारी पानांसाठी हा केवळ सौजन्याचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं ४२ वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात मिळावा यासाठी सरकारवर जबाबदारी टाकतं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. तो खटला बँका-मोबाइलच्या केवायसीचा होता, पण पाण्याची वेळ कळणं हे त्याहून दूरचं प्रकरण म्हणता येणार नाही.

आणि व्हॉट्सॲपचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. पानावरची सूचना बहुतेकांपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवरूनच पोहोचते. ऑल्ट टेक्स्ट चित्राच्या फाइलमध्ये नसतं, ते त्या संकेतस्थळावरच्या पोस्टबरोबर साठवलेलं असतं. चित्र उतरवून पुढे पाठवलं की वर्णन मागे राहतं आणि ग्रुपमध्ये पुन्हा एक मुका निळा चौकोन येतो. पाठवणाऱ्याने तक्त्यातल्या सहाव्या रकान्यातली तीच दोन-चार वाक्यं चित्राखाली चिकटवली, तर ती पुढे जाणाऱ्या संदेशातही राहू शकतात.