आकडा आधीच ठरलेला असतो

मार्च अखेर जवळ आली की या सदराकडे एका ठराविक प्रकारची पत्रे येतात. यंदाचे एक पुण्यातल्या भगिनीचे आहे. विमा कंपनीच्या दाव्यांच्या फायली तपासण्याचे काम त्या सात वर्षे करतात. ऑक्टोबरमध्ये नवे साहेब आले. जानेवारीत सासरे इस्पितळात होते, म्हणून त्यांनी अकरा दिवस रजा घेतली. रमजानमध्ये इफ्तारला घरी पोहोचता यावे म्हणून साडेनऊऐवजी साडेआठला येऊन साडेपाचला निघण्याची परवानगी घेतली होती. तरी एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं बरं आहे, तुम्ही लवकर जाता." आता एप्रिलमध्ये वार्षिक आढावा आहे. पाचपैकी दोनच गुण मिळणार अशी त्यांची खात्री आहे. त्या लिहितात की रात्री भांडी घासताना त्या मनातल्या मनात साहेबांशी भांडतात, आणि त्या भांडणात दर वेळी हरतात.

त्यांना आम्ही काय लिहिले आणि त्यांनी काय केले, ते त्यांच्या परवानगीने इथे देतो.

सर्वांत आधी आढाव्याची बैठक म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला हवे. आपण तिला कोर्टातली सुनावणी समजतो. बाजू मांडू आणि निकाल बदलेल, असे वाटते. बऱ्याच मोठ्या खासगी कंपन्यांत तसे नसते. प्रत्येक विभागाला वरचे, मधले आणि खालचे गुण किती जणांना द्यायचे याची मर्यादा असते. सगळे साहेब एकत्र बसून त्या मर्यादेत नावे बसवतात, आणि ते तुमच्या बैठकीच्या आधीच झालेले असते. साहेबांनी खोलीत तुमचे म्हणणे पटवून घेतले, तरी आकडा बदलण्यासाठी त्यांना पुन्हा वर जावे लागते आणि ते क्वचितच कोणी जातो. म्हणून बैठकीत गुण वाढवून घेण्याची आशा ठेवून जाणारा माणूस हमखास दुखावून बाहेर येतो.

आकड्यावर तुमचा काही परिणाम होण्याची जागा त्याआधीची आहे. ती म्हणजे स्वतःचे मूल्यमापन लिहून देण्याचा फॉर्म. बहुतेक जण तो शेवटच्या दिवशी चार ओळींत उरकतात आणि मग बैठकीत सगळे बोलायचे ठरवतात. तिथे वर्षभराचे काम आकड्यांसकट लिहा, विशेषतः एप्रिल ते सप्टेंबरचे. साहेबांना शेवटचे दोन-तीन महिनेच आठवतात. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही, माणसाची आठवण तशीच चालते. ऑक्टोबरमध्ये आलेल्या साहेबांना तर पहिले सहा महिने ठाऊकच नाहीत.

मग बैठकीतून काय मिळवायचे? साहेबांचा शेरा नोंदीत कोणत्या शब्दांत जातो, पुढच्या वर्षी नेमके काय मोजले जाणार, आणि आपल्या तोंडून नंतर पस्तावा होईल असा शब्द न जाणे, एवढेच. मन तयार करायचे ते एवढ्यासाठी. आकड्याचा नाद सोडला की रात्रीचे भांडण निम्मे ओसरते, असा आमचा अनुभव आहे.

राहिलेल्या निम्म्यासाठी त्या भगिनींना एक कागद घ्यायला सांगितले. एका बाजूला स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले, मध्ये इतरांकडून कळलेले, शेवटी आपला अंदाज. पहिल्या रकान्यात तीनच गोष्टी आल्या: साहेबांचे ते वाक्य, त्याची तारीख, आणि परवानगीचा ईमेल. मधल्या रकान्यात एका सहकाऱ्याचे बोलणे होते, "यादी तयार झालीय म्हणे." शेवटचा रकाना पानभर भरला: हिजाबमुळे, रोज्यामुळे, सासऱ्यांच्या रजेमुळे, आधीच्या साहेबांच्या मर्जीतली म्हणून. सूरह हुजुरातमध्ये खबर पारखून घेण्याचीही ताकीद आहे आणि बदगुमानीपासून दूर राहण्याचीही. या दोन्ही गोष्टी त्या कागदाला तंतोतंत लागू होतात.

पण इथे एक स्पष्ट बोलतो. धर्मामुळे किंवा पेहरावामुळे अन्याय होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. होतो. प्रश्न तो ओळखायचा कसा, हा आहे. कसोटी तुलनेची आहे. मुलाला शाळेतून आणायला चार वाजता निघणाऱ्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या नोंदीतही 'वेळेची शिस्त नाही' असे येते का? त्याला माफ आणि तुम्हाला नाही, हे एकदा दिसले तर तारखेसह लिहून ठेवा. तीनदा दिसले तर तो अंदाज राहत नाही. तेव्हा तक्रार लेखी करावी, मनुष्यबळ विभागाकडे आणि बैठकीच्या बाहेर. समोर बसलेल्या साहेबांना "तुम्ही मी मुसलमान आहे म्हणून करता" असे म्हटले की ते नाकारणार, आणि उरलेला वेळ तुमच्या कामाऐवजी त्यांच्या इज्जतीवर जाणार. घरातल्या मोठ्यांना वाटते की साहेबांविषयी तक्रार म्हणजे गीबत. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला बोलण्याची सवलत सूरह निसामध्येच आहे. मात्र ती योग्य माणसापुढे वापरायची आहे, चहाच्या टेबलावर नव्हे.

यानंतर कामाचे आकडे. त्यांनी वर्षभरात 1,140 फायली निकाली काढल्या होत्या. पंधरा दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या 31. त्या 31 पैकी 19 जानेवारीच्या रजेतल्या, म्हणजे ज्यांच्याकडे त्या सोपवल्या होत्या त्यांनीही हात लावला नव्हता. उरल्या 12. याशिवाय 6 फायली कागदपत्रे अपुरी असताना पुढे गेल्या आणि परत आल्या. या सहा पाहून त्या खचल्या. आम्हाला मात्र हाच सर्वांत उपयोगी आकडा वाटला. अन्यायी आढाव्यातसुद्धा एखादा मुद्दा खरा असतो, आणि नेमका तोच अचानक समोर आला की माणूस कोसळतो किंवा चिडतो. तो आधीच आपल्या तोंडी तयार असला की त्याचा डंख जातो: "होय, सहा फायली परत आल्या. त्यातल्या चार ऑगस्टपूर्वीच्या आहेत. ऑगस्टपासून मी यादी पाहून तपासते." एवढे मान्य केल्यावर बाकीच्या 1,134 फायलींविषयी तुमचा शब्द जास्त वजनाने ऐकला जातो.

एक सावधगिरी. हे आकडे काढताना ग्राहकांच्या फायली किंवा ऑफिसचे ईमेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नका. बहुतेक कंपन्यांत तो शिस्तभंग आहे. ज्यांना निमित्त हवे आहे त्यांच्या हाती आपणच ते देऊ नये. ग्राहकांच्या नावांशिवाय तारखा आणि संख्या वहीत लिहा, तेवढ्याने भागते.

शेवटी सराव. आपल्याला सर्वांत जास्त टोचेल असे वाटणारे वाक्य त्यांनी कागदावर लिहिले: 'तुमचं लक्ष कामात नसतं, घरात असतं.' ते त्यांच्या पतीने साहेबांच्या आवाजात वाचायचे होते. पहिल्या वेळी त्या रडल्या. दुसऱ्या वेळी पतीवरच ओरडल्या, मुले धावत आली. तिसऱ्या वेळी, दोन दिवसांनी, त्या म्हणाल्या, "हे कोणत्या कामावरून वाटलं, सर? एखादं उदाहरण सांगाल?" त्यांच्या तयारीतले सर्वांत मोलाचे काम हेच. जखम पहिल्यांदा त्या खोलीत झाली तर शरीर ताब्यात राहत नाही: गळा दाटतो, हात थरथरतात. घरी दोन-तीनदा होऊन गेली की शब्द तेच राहतात, पण धक्का उरत नाही. मात्र हा सराव चार-पाच दिवस आधी संपवा. आदल्या रात्री केला तर झोप जाते.

खोलीत जाताना वही आणि पेन न्यायचे. साहेब बोलतील ते लिहून घ्यायचे. लिहिताना हाताला काम मिळते, उत्तराला दहा सेकंद मिळतात, आणि समोरचाही जपून बोलतो. डोळे भरून आलेच तर "दोन मिनिटं द्या" म्हणून बाहेर जाऊन यावे. त्यात कमीपणा नाही.

सहीबाबत. फॉर्मवर सहीच्या वरची ओळ वाचा. 'वाचले' किंवा 'मिळाले' असेल तर सही करायला हरकत नाही. 'मान्य' असेल तर शेजारी 'मिळाले, असहमती स्वतंत्र देत आहे' असे लिहून तारीख टाका. संगणकावर असेल तर शेऱ्याच्या रकान्यात तेच.

सरकारी नोकरीतल्या वाचकांची स्थिती थोडी वेगळी आहे. देव दत्त नावाच्या अभियंत्याला 1993-94 च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' हवा होता, आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच गेला नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येते. 2013 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणून सरकारी कर्मचाऱ्याने शेरा हातात पडलेली तारीख आधी टिपावी, कारण निवेदनाची मुदत मर्यादित असते. खासगी नोकरीला हा निकाल लागू नाही.

पुण्याच्या भगिनींची बैठक जुहरनंतर तीन वाजता झाली. एकूण गुण तीन मिळाले, 'वेळेची शिस्त' या रकान्यात दोन. वेतनवाढ सहकाऱ्यांपेक्षा कमी आली. शेऱ्यात 'वारंवार लवकर जातात' असे होते. त्यांनी परवानगीच्या ईमेलची तारीख वाचून दाखवली आणि साडेआठची हजेरी पाहायला सांगितली. साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी ते वाक्य काढले. दोनाचे तीन मात्र केले नाहीत. पुढच्या वर्षासाठी रखडलेल्या फायलींची मर्यादा आणि रजेतल्या फायली कोणाच्या नावावर धरायच्या, हे दोन्ही लिहून घेतले.

त्याच रात्री त्यांना लांबलचक ईमेल लिहायचा होता. पतीने लॅपटॉप कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आठ ओळींत बैठकीत काय ठरले तेवढे लिहून साहेबांना पाठवले आणि प्रत मनुष्यबळ विभागाला दिली. नोकरी बदलायची की नाही, हे ईदुल-अजहानंतर ठरवायचे असे दोघांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. सासूबाईंना एवढेच सांगितले, "पगार थोडा वाढला, अम्मी." त्यांनी किती ते विचारले नाही.