रिपोर्ट नॉर्मल, डोस जास्त

माझी दादी ७८ वर्षांची, वजन ४२ किलो. मधुमेहामुळे तळपाय जळजळायचे म्हणून तिला गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू झालं. पंधरा दिवसांत ती दिवसभर झोपू लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं. घरात सगळे म्हणाले, "वय झालं आता." किडनीचा विचारही कुणी केला नाही, कारण रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ होतं आणि समोर लाल खूण नव्हती.

चूक इथेच होते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. म्हाताऱ्या, बारीक माणसाच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा फारसा वाढत नाही. म्हणून डोस ठरवताना वय आणि वजनही धरतात. त्यासाठी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे जुनं सूत्र वापरतात:

(१४० − ७८) × ४२ ÷ (७२ × १.१) × ०.८५ = सुमारे २८

शेवटचा ०.८५ फक्त स्त्रियांसाठी. म्हणजे दादीची किडनी मिनिटाला अंदाजे २८ मिलिलिटर रक्त गाळते. गॅबापेंटिन शरीरात मोडत नाही, जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं. १५ ते २९ या टप्प्यात त्याची मर्यादा दिवसाला २०० ते ७०० मिलिग्रॅम, तीही एकाच वेळी घ्यायची. दादी ९०० घेत होती.

हे मेडिकलवरच्या फार्मासिस्टने सांगितलं, पण मी विचारल्यावर. त्याला दोष कसा देणार? चिठ्ठीवर ना वजन होतं, ना क्रिएटिनिन. त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी रात्रीची एकच ३०० ची गोळी ठेवली. आठवड्याभरात दादी पुन्हा स्वतः उठून चहा करू लागली.

घरची औषधं आणायला बहुतेक वेळा आपणच जातो. माझं म्हणणं एवढंच, की चिठ्ठीबरोबर वय, वजन, ताजं क्रिएटिनिन आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या आणि विचारा: यातली कोणती गोळी किडनीवाटे बाहेर जाते? या आकड्यांना हा डोस बसतो का? जास्त झाला तर पहिलं लक्षण काय दिसेल? अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक चालेल का? उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारावं लागेल का? काउंटरवर कोण आहे तेही पाहा. नोंदणीकृत फार्मासिस्ट नसेल तर तो येईपर्यंत थांबा.

सूत्र मात्र अंदाजच देतं. किडनी अचानक बिघडत असेल तेव्हा ते फसतं. म्हणून आकडा हातात आला की स्वतःच गोळी कमी किंवा बंद करू नका. गॅबापेंटिन एकदम बंद केलं तर घाबरल्यासारखं होतं, झोप उडते, क्वचित झटकेही येतात. आकडा आहे तो फार्मासिस्ट आणि डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी. आणि घरातलं म्हातारं माणूस नवी गोळी सुरू झाल्यावर गुंगू लागलं, तर वयाला दोष देण्याआधी तो आकडा काढून बघा.