बाळ झोपलंय, मग आई का जागी?

बाळंतिणीला घरात सगळे सांगतात, "बाळ झोपलं की तूही झोप." पुढचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: झोप लागते का? माझ्या मते चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत तिला रोज विचारायला हवा तो हाच.

नवं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं. त्यात बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक आयांना उगीच रडू येतं. हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, तर ते नैराश्य असू शकतं. पण जागरणाचा थकवाही तसाच दिसतो, म्हणून घरचे फसतात.

माझ्या चुलत बहिणीला तिसऱ्या आठवड्यातही सारखं रडू यायचं. खालाने उपाय काढला. रात्री अकराला दूध पाजून झालं की बाळ खालाकडे, दोनचं दूध आधी काढून ठेवलेलं, वाटी-चमच्याने पाजायचं. म्हणजे आपाला सलग पाच तास मोकळे. नुसता थकवा असता तर तिला गाढ झोप लागली असती. ती तीन रात्री छताकडे बघत पडून राहिली. जेवण सुटलं. "मी नसते तर बाळ सुखात राहिलं असतं," असं एकदा म्हणाली. कुणी म्हणालं, नजर लागली, दम करून आणा. दुआ जरूर करावी, पण त्यासाठी डॉक्टर लांबवू नये. असं वाक्य ऐकल्यावर तर एक दिवसही नाही.

एकविसाव्या दिवशी आशाताई बाळाला बघायला आल्या. (त्या ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात, आणि आपण त्यांना फक्त बाळाचं वजन विचारतो.) त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवलं. तिथे हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानेही असंच गळून जायला होतं. मग गोळी सुरू झाली. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. डॉक्टरांना तेवढं स्पष्ट सांगायचं आणि गोळी मनाने बंद करायची नाही. फरक दिसायला काही आठवडे लागले. रात्रीची पाळी मात्र चालूच राहिली, आता भावजींची. तरुण नवऱ्यांनी ती पहिल्या दिवसापासून घ्यावी, असं मला वाटतं.

दवाखाना लांब असेल किंवा घरात बोलता येत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं.

एका बाबतीत मात्र फोनवर थांबू नका. आई दिवसेंदिवस झोपत नाही तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, घरच्यांवर संशय घेते किंवा स्वतःला, बाळाला इजा करण्याचं बोलते, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका.