पस्तिशीनंतर वर्षभर वाट पाहू नका, सहा महिन्यांत दोघंही तपासून घ्या



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुलींची लग्नं लवकर होतात, म्हणून पस्तिशीनंतर मूल हवं असणाऱ्या बायका थोड्याच असतील असं वाटतं. तसं नाही. कुणाचं शिक्षण आणि नोकरीमुळे लग्न उशिरा झालं, कुणाचा दुसरा संसार आहे, कुणाला पहिल्या मुलानंतर बरीच वर्षं दिवसच गेले नाहीत, तर कुणाचं हातातोंडाशी आलेलं लेकरू दगावलं. अशा घरांत एकच वाक्य ऐकू येतं: “पाळी वेळेवर येतेय ना, मग राहील की. बघू अजून वर्षभर.” हे आवाहन त्या वाक्याविरुद्ध आहे.

पाळी वेळेवर येते याचा अर्थ दर महिन्याला बहुधा बीज बाहेर पडतंय, एवढाच. ते बीज कसं आहे, हे पाळी सांगत नाही. बाईची सगळी स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाख असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात आणि सदतिशीच्या सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास. नवीन बीज तयार होत नाही. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी बाहेर पडणारं बीजही छत्तीस वर्षांचंच असतं.

कांद्याचं बी लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुनं बी दिसायला ताज्यासारखंच असतं, पण वाफ्यात टाकल्यावर उगवण कमी होते. स्त्रीबीजात नेमकं काय बिघडतं ते विज्ञानाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. प्रत्येक अपक्व बीजात गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. बाईच्या जन्माआधीच त्यांची विभागणी सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. ती पुढे सरकते ते बीज बाहेर पडण्याच्या वेळी, कित्येक वर्षांनी. इतका काळ त्या जोड्यांना एकत्र धरून ठेवणारे प्रथिनांचे बंध वयाबरोबर सैल पडतात. मग वाटणी चुकते आणि बीजात एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं. अशा बीजाचा गर्भ बहुतेक वेळा रुजतच नाही. रुजला तरी पहिल्या तीन महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त. विशीतल्या बाईचा गर्भपात होण्याचं प्रमाण साधारण दहा-पंधरा टक्के असतं, चाळिशीला ते तिसऱ्या हिश्श्याच्याही पुढे जातं. त्यात त्या बाईच्या चालण्या-वाकण्याचा किंवा खाण्यापिण्याचा दोष नसतो.

आता महिन्याचा हिशेब पाहू. तिशीच्या सुमारास मूल हवं असणाऱ्या शंभर बायकांपैकी एका महिन्यात साधारण वीसजणींना दिवस जातात. चाळिशीला हा आकडा पाच किंवा त्याहून खाली येतो. पस्तिशीनंतरचा उतार याच दोहोंच्या मधला, आणि दरवर्षी तीव्र होत जाणारा. सोयीसाठी दर महिन्याची शक्यता तेवढीच राहते असं धरलं, तर वीस टक्क्यांच्या हिशेबाने सहा महिन्यांत शंभरातल्या चौऱ्याहत्तर जणींना दिवस जातात. दहा टक्क्यांनी सत्तेचाळीस जणींना आणि पाच टक्क्यांनी फक्त सव्वीस जणींना. त्यातही सहा महिन्यांनंतर ज्या उरतात, त्यांच्यात नळी बंद असलेल्या किंवा नवऱ्याचे शुक्राणू कमी असलेल्या जोडप्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. नुसती वाट पाहून हे अडथळे दूर होत नाहीत. म्हणूनच वैद्यकशास्त्राचा नियम असा आहे: पस्तिशीच्या आत असाल तर बारा महिने प्रयत्न करून तपासणी करा, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी, आणि चाळिशी ओलांडली असेल तर लगेच.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हा नियम फार जपून पाळावा लागेल. समजा, एका 36 वर्षांच्या बाईने मे महिन्यात प्रयत्न सुरू केले. ऑक्टोबर संपेपर्यंत सहा महिने झाले, तेवढ्यात कोयता घेऊन निघायची वेळ आली. “पट्टा पडल्यावर बघू” म्हटलं की तपासणी थेट एप्रिलवर जाते आणि तोवर ती सदतिशीला टेकते. तिच्या वयाला हे सहा महिने महागात पडतात. तिने निघण्याआधीच्या महिन्यात तपासण्या उरकल्या, तर काय अडतंय हे हंगामाआधीच कळेल.

पहिली विनंती नवऱ्यांना. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा जोडीला, सापडतं. वीर्यतपासणी शरीरसंबंधात दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून होते, एका सकाळचं काम असतं आणि बाईच्या कुठल्याही तपासणीपेक्षा सोपी असते. ती आधी करा.

दुसरी विनंती बहिणींना. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत बीजकोशांची मोजणी होते. रक्ताची एएमएच तपासणी कुठल्याही दिवशी चालते. नळ्या मोकळ्या आहेत का, हे पाळी थांबल्यानंतर लगेचच्या दिवसांत एक्स-रेने पाहतात. कधी टीबी झाला असेल तर तो डॉक्टरांना जरूर सांगा, कारण आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. हे सगळं एका पाळीच्या चक्रात बसतं. एएमएच कमी आला तर खचू नका: तो बीजं किती उरली याचा अंदाज देतो, त्यांचा दर्जा सांगत नाही. दर्जा वयावरूनच कळतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली असेल आणि पुन्हा मूल हवं असेल, तर सहा महिनेही थांबू नका.

तिसरी विनंती, “टेस्ट ट्यूब आहेच की” या भरवशावर राहू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हापासून या उपचाराने असंख्य घरं भरली. पण तो बंद नळीला वळसा घालतो, जुनं बीज तरुण करत नाही. म्हणून स्वतःच्या बीजावर चाळिशीनंतर त्याचंही यश झपाट्याने घटतं. बीजाचा दर्जा परत आणणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही, त्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्या आणि इंजेक्शनांवर उसनवारी करू नका. उपचार घ्यायचेच झाले तर केंद्र 2021 च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का, ते आधी विचारा. या कायद्याने पत्नीचं वय 50 आणि पतीचं 55 पर्यंतच हे उपचार करता येतात.

सासूबाई, जाऊबाई, आशाताई, तुम्हालाही एक सांगणं. पस्तिशीतल्या सुनेला “वर्षभर वाट बघ” म्हणू नका. नवस बोलायचा तर बोला, पण त्याच आठवड्यात दोघांना दवाखान्यात पाठवा. प्रयत्न सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर कॅलेंडरवर पुढच्या पाळीचा दुसरा दिवस पाहून ठेवा आणि त्या दिवशीची सोनोग्राफीची वेळ आजच घ्या.