फोटोखालच्या दोन ओळी

आमच्या धाकट्या बहिणीची लेक यंदा शिकायला पुण्याला गेली. वसतिगृहात सामान लावून झाल्यावर लोखंडी खाटेवर बसून काढलेला तिचा फोटो दुसऱ्या दिवशी आला, आणि पाठोपाठ फोन! "मावशी, घरच्या ग्रुपवर टाकायचाय. याच्याखाली काय लिहू?"

आधी तिने लिहिलं होतं, 'स्वातंत्र्याचा पहिला दिवस!' आता सांगा, अठरा वर्षं डबा भरून देणाऱ्या आईला हे वाचून काय वाटेल? मग ते खोडून लिहिलं, 'घरची खूप आठवण येते.' हे वाचून आजी रात्रीचीच एस.टी. पकडायची! दोन्ही खरंच होतं, पण एकेकटं लिहिलं की अर्धवट.

मी आपलं सहज विचारलं, "झोप लागली का गं?" झालं, गादीचं गाऱ्हाणं सुरू. मधे हा एवढा खड्डा, कडेला कापसाच्या गाठी. खोलीतली दुसरी मुलगी अजून यायची होती, म्हणून दिवा केव्हाही मालवायची मुभा. तरी बाईसाहेबांनी दहालाच मालवला आणि दोनपर्यंत टक्क जागी! त्या सुमारास आजी पाणी प्यायला उठते, ते आठवलं म्हणे. म्हटलं, "अगं, हेच लिही की!"

शेवटी फोटोखाली गेलं ते असं:

'दिवा कधी मालवायचा, ते आता माझं मी ठरवते. काल दहालाच मालवला. मग गादीतल्या गाठी मोजत होते. दोन वाजता वाटलं, आजी उठली असेल.'

यात स्वातंत्र्य हा शब्द नाही, आठवणही नाही, पण दोन्ही पोचतात, आणि गादीमुळे जरा हसूही येतं. फोटोत दिसतं तेच खाली परत लिहू नये. हसरा चेहरा दिसतोच, रात्र दिसत नाही. आणि हो, फोटोत दारावरचा खोली क्रमांक आला होता, तो मात्र मी कापायला लावला. घरचा ग्रुप झाला तरी फोटो पुढे कुठे जाईल, सांगता येत नाही.

आता तुम्ही गादीचं विचारणारच! कापूस अंगाच्या भाराने आणि दमटपणाने दबतो, त्याच्या गाठी होतात. गादी उन्हात टाकून दोन्ही बाजूंनी काठीने झोडपावी, आणि अंथरताना पायथा उशाकडे फिरवावा. शिवणीजवळ काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजावेत. तिथे नुसत्या उन्हावर विसंबू नये, व्यवस्थापक बाईंना सांगून औषध मारून घ्यावं. गाठी फारच घट्ट असतील तर कापूस पिंजून घेण्यावाचून इलाज नाही. तोवर वर जाड गोधडी.

ग्रुपवर पहिलं उत्तर आजीचंच आलं, "उठले होते. गोधडी पाठवतेय."