पस्तीस डॉलरचा पूर्वपक्ष

सोन्याच्या भावाचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते. 15 ऑगस्ट 1971 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं आणि त्या दिवसापासून सोनं मोकाट सुटलं. मग निष्कर्षही ठरलेला असतो: औंसाला 35 डॉलर असलेला भाव आज हजारांत गेला तो सोनं महाग झालं म्हणून नव्हे, कागदी चलन घसरलं म्हणून. म्हणजे सोन्याचा भाव हा महागाईचा आरसा, आणि वचन मोडलं नसतं तर हा आरसा स्थिर राहिला असता. पूर्वपक्ष नीटस आहे, त्यात तथ्यही आहे. पण त्यातली तारीख चुकलेली आहे, कारण अर्धवट आहे, आणि निष्कर्ष तर गेल्या पन्नास वर्षांच्या भावांशी जुळतच नाही.

आधी हे वचन होतं कोणाला? 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला जी व्यवस्था ठरली, तिच्यात इतर चलनं डॉलरशी बांधली गेली आणि डॉलर एका औंसाला 35 या दराने सोन्याशी. डॉलर देऊन सोनं मागण्याचा हक्क मात्र परदेशी सरकारांना आणि मध्यवर्ती बँकांनाच होता. खुद्द अमेरिकन माणसाला 1933 पासून सोन्याच्या चिपा बाळगायलाही बंदी होती. ‘तेव्हा नोटेमागे सोनं होतं’ असं जे हळहळून म्हटलं जातं, ते सोनं ज्याच्या खिशात नोट होती त्याच्यासाठी कधीच नव्हतं.

पण लंडनला सोन्याचा एक खुला बाजार होता, 1954 मध्ये पुन्हा सुरू झालेला. तिथे खाजगी खरेदी चाले. तिथला भाव 35 च्या फार वर गेला, तर कोणतीही मध्यवर्ती बँक वॉशिंग्टनहून 35 ला सोनं उचलून लंडनला नफ्यात विकू शकली असती. ऑक्टोबर 1960 मध्ये भाव 40 डॉलरला जाऊन आला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. त्यावर 1961 मध्ये अमेरिका आणि सात युरोपीय देशांनी ‘गोल्ड पूल’ नावाची सामाईक पुंजी उभी केली. तिच्यात निम्मा वाटा अमेरिकेचा. भाव चढू लागला की पुंजीतून सोनं विकायचं, उतरला की घ्यायचं. स्थिर भाव म्हणजे निसर्गाचा नियम नव्हता. रोज माल ओतून धरून ठेवलेला तो आकडा होता.

माल ओतण्याला मर्यादा असतेच. 1967 च्या जूनमध्ये फ्रान्स पूलमधून बाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन करून तो 2.80 डॉलरवरून 2.40 वर आणला, आणि पुढची पाळी डॉलरची असं धरून लोक सोनं घेऊ लागले. मार्च 1968 मध्ये खरेदीचा लोंढाच आला. एकट्या 14 मार्चला पूलला सुमारे 37 कोटी डॉलरचं सोनं विकावं लागलं. 35 च्या दराने हिशेब केला तर हे साधारण 330 टन होतात. दक्षिण आफ्रिका तेव्हा जगातली सर्वांत मोठी उत्पादक होती आणि तिच्या खाणींतून वर्षाला हजार टनांच्या आसपास सोनं निघे. म्हणजे तिथल्या चार महिन्यांच्या मेहनतीचं सोनं एका दिवसात गेलं. त्याच रात्री अमेरिकेने विनंती केली, ब्रिटनच्या राणीच्या सहीने 15 मार्चला बँकांना सुट्टी जाहीर झाली, आणि लंडनचा बाजार दोन आठवडे बंद राहिला. (याच रात्रीच्या गोंधळावरून ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामा दिला.)

17 मार्चला वॉशिंग्टनमध्ये मध्यवर्ती बँकांनी ठरवलं की आपसातले व्यवहार 35 डॉलरनेच करायचे, मात्र खुल्या बाजारात यापुढे सोनं विकायचं नाही. 1 एप्रिलला लंडन उघडलं तेव्हा सोन्याचे दोन भाव होते, सरकारी आणि बाजाराचा. आज आपण पाहतो त्या तरत्या भावाचा जन्म हा, निक्सनच्या भाषणाआधी तीन वर्षं.

आता पूर्वपक्षाचं म्हणणं खरं असतं तर मोकळा झालेला भाव तेव्हाच उधळायला हवा होता. तो 1969 मध्ये चाळिशीच्या थोडा वर गेला खरा, पण जानेवारी 1970 मध्ये पुन्हा उतरून 35 च्याही किंचित खाली आला. व्याजदर चढे होते, साठा करून बसलेल्यांना तो व्याज भरत सांभाळणं परवडेना, आणि दक्षिण आफ्रिकेला परकीय चलनासाठी सोनं विकणं भाग होतं. बांधलेलं सोनं सोडलं आणि ते फिरून आपल्या पायाने खुंट्यापाशी आलं. स्वातंत्र्य आणि तेजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच सिद्ध होतं.

15 ऑगस्ट 1971 ला सोनं द्यायची खिडकी बंद झाली, ती सरकारांसाठी. बाजारात भाव आधी 43 डॉलरच्या आसपास होता आणि वर्षअखेरीलाही तिथेच घुटमळत होता. डिसेंबरमध्ये सरकारी भाव 38 करायचं ठरलं, फेब्रुवारी 1973 मध्ये 42.22. ज्या भावाने आपण सोनं देणारच नाही, तो भाव गंभीर चेहऱ्याने दोनदा वाढवण्याचा हा प्रकार अर्थशास्त्राच्या इतिहासातल्या गमतींत मोडावा.

खरी उसळी त्यानंतरची, आणि तिचं कारण भाषणापेक्षा जास्त विचार करायला लावणारं आहे. बाजारभाव सरकारी भावाच्या दुप्पट झाला तेव्हा मध्यवर्ती बँकांची पंचाईत झाली. बाजारात शंभर डॉलरला जाणारं सोनं दुसऱ्या बँकेला 42 मध्ये कोण देईल? आणि खुल्या बाजारात विकायचं नाही असा करार होताच. परिणामी जगातले सर्वांत मोठे साठे तिजोऱ्यांत गोठून बसले. पूर्वी हाच माल भाव दाबून धरत होता, आता तो पुरवठ्यातून बादच झाला. मार्च 1973 पासून प्रमुख चलनंही तरती झाली, त्यामुळे डॉलरचा दर सांभाळण्याची बांधिलकी कोणावरच उरली नाही. ऑक्टोबरपासून तेल भडकलं. परिवर्तनीयतेच्या अंताने सोन्याला भाव दिला नाही. ठराविक भावाला विकायला बांधील असलेला एक प्रचंड विक्रेता त्याने बाजारातून उठवला. माझं मंडन या एका वाक्यात आहे, पुढचं सगळं त्याचाच विस्तार.

असा विक्रेता नसला की भाव कोण ठरवतं? जो त्या क्षणी घ्यायला किंवा विकायला सर्वांत अधीर असेल तो. याचा पहिला मोठा धडा लवकरच मिळाला. 31 डिसेंबर 1974 ला अमेरिकन नागरिकांना चाळीस वर्षांनी सोनं बाळगायची मुभा मिळाली आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला सोन्याचे वायदे सुरू झाले. अमेरिकन गिऱ्हाईक तुटून पडणार म्हणून युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आधीच माल भरून ठेवला होता. भाव 190 च्या पुढे होता. गिऱ्हाईक आलंच नाही. उलट अमेरिकेच्या तिजोरीने जानेवारीत लिलाव केला, पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही आपल्याकडचं सोनं लिलावात काढलं, आणि ऑगस्ट 1976 मध्ये भाव 103-104 पर्यंत घसरला. याच दीड वर्षात अमेरिकेतली महागाई काही थांबली नव्हती.

आरशाच्या सिद्धान्ताला खरा सुरुंग लागतो तो यानंतर. जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरला पोचला. 1982 च्या मध्यात तो 300 च्या आत होता, आणि 1999 मध्ये अडीचशेच्या घरात. त्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या किमती दुपटीहून वर गेल्या. आरसा असता तर त्यात भाव दुप्पट दिसला असता, प्रत्यक्षात तो तिसऱ्या हिश्श्याहून कमी दिसला. सोनं ना व्याज देतं ना लाभांश, त्यामुळे महागाई वजा जाता बँकेत किती पडतं यावर त्याची मागणी हलते. 1979 नंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी व्याजदर असे चढवले की रोखे घेणारा खुशीत होता आणि सोनं धरून बसणारा रोज गमावत होता.

अर्थात व्याजदराचा हाही नियम ब्रह्मवाक्य मानू नये. 2022 नंतर अमेरिकेत व्याजदर झपाट्याने चढले, तरी सोनं पडलं नाही. त्या फेब्रुवारीत रशियाची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, आणि मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. एकेकाळी 35 ला विकून भाव दाबणारी जमातच आता मिळेल त्या भावाने घेणारी झाली. पूर्वीच्या व्यवस्थेत अशी धास्ती अमेरिकेच्या साठ्यात दिसे. पन्नाशीच्या दशकात तो वीस हजार टनांवर होता, 1971 पर्यंत नऊ हजारांच्या आसपास आला. भाव स्थिर आणि साठा वितळता, असं ते चित्र होतं. आता साठा जागेवर असतो आणि धास्ती भावात दिसते.

झवेरी बाजारातल्या भावाला ‘जागतिक’ म्हणून मोकळं होण्याआधी तो उलगडून पाहावा. लंडनला औंसाला 2000 डॉलर, डॉलरला 83 रुपये आणि औंसात 31.1035 ग्रॅम धरले, तर दहा ग्रॅमला साधारण 53,370 रुपये पडतात. त्यावर 15 टक्के आयातशुल्क चढवलं की 61,376. वर जीएसटी. जुलै 2024 मध्ये हेच शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं, आणि मुंबईत भाव काही हजारांनी उतरला, तो लंडनच्या बाजाराचं त्यात काहीही कर्तृत्व नसताना. त्या पडझडीत ना कागद वधारला होता ना सोन्याची चकाकी गेली होती. दिल्लीची एक अधिसूचना निघाली होती.

राहता राहिला ‘पुन्हा सोन्याला बांधा’ हा आग्रह. बांधणाऱ्याने दोन आकडे सांगायला हवेत: भाव किती, आणि लोक दारात उभे राहिले तर त्या भावाने किती टन देणार. पहिला आकडा सगळे उत्साहाने सांगतात. गोल्ड पूल दुसऱ्या आकड्यावर बुडाला. आकडा कागदावर ठेवणं मात्र कधीच अवघड नव्हतं. आपली रिझर्व्ह बँक 1990 पर्यंत आपलं सोनं दहा ग्रॅमला 84.39 रुपये या दराने मांडत होती, बाजारात तेव्हा ते तीन हजारांवर होतं. अमेरिकेच्या तिजोरीत आजही आठ हजार टनांहून थोडं अधिक सोनं आहे आणि जमाखर्चात ते 1973 च्या त्याच 42.22 डॉलरने, म्हणजे सुमारे अकरा अब्जांना मांडलेलं आहे. त्या भावाने ते कोणालाही विकायला नाही.