आधी छेदाचे चिन्ह

कळव्यातल्या क्लासेसमध्ये सध्या अकरावीची मुले असमीकरणे सोडवत आहेत. त्यांच्या वह्यांत एक पायरी हमखास दिसते : छेद उचलून दुसऱ्या बाजूला गुणायचा. समीकरणात ही पायरी चालते, कारण तिथे छेद शून्य नसला की पुरे. असमीकरणात मात्र छेद धन आहे की ऋण, हे कळल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. ऋण संख्येने गुणले की चिन्हाची दिशा उलटते. 2 < 3 ला −1 ने गुणा. −2 हे −3 पेक्षा मोठे निघते.

(x + 3)/(x − 1) ≤ 2 हे उदाहरण घ्या. सरळ तिरकस गुणाकार केला तर x + 3 ≤ 2x − 2, म्हणजे x ≥ 5. उत्तर नीटनेटके दिसते, म्हणून कोणी शंका घेत नाही. पण x = 0 ठेवून पाहा. डावी बाजू −3 येते, आणि −3 हे 2 पेक्षा लहानच आहे. शून्य उत्तरात हवे होते, ते गळले. खरे तर 1 पेक्षा लहान असलेल्या सगळ्याच संख्या गळल्या, कारण तिथे x − 1 ऋण असतो. चिन्ह उलटे करून ≥ 2 असा प्रश्न विचारला, तर हीच पायरी x ≤ 5 हे उत्तर देते आणि नको असलेले शून्य आत घेते. इतकेच नव्हे, x = 1 सुद्धा आत येते, जिथे मूळ राशीला अर्थच नाही. बहुपर्यायी परीक्षेत तर असे चुकीचे उत्तर पर्यायांमध्ये छापलेलेच असते, त्यामुळे मुलाला आपण चुकलो हे कळायचा मार्गच उरत नाही.

बरोबर रीत लांब नाही. 2 डावीकडे आणा, एकच अपूर्णांक करा : (5 − x)/(x − 1) ≤ 0. आता संख्यारेषेवर 1 आणि 5 मांडा. दोहोंच्या मध्ये अंश आणि छेद दोन्ही धन. बाहेर दोहोंची चिन्हे विरुद्ध. म्हणून उत्तर x < 1 किंवा x ≥ 5. गुणाकारच करायचा असेल तर (x − 1)² ने करावा, तो कधी ऋण होत नाही; मात्र त्यात x = 1 गुपचूप शिरतो, तो हाताने वगळावा लागतो.

छेद x² + 1 असेल तर खुशाल गुणा. पण तो नेहमी धन असतो, हे वाक्य वहीत लिहायला लावावे. शिक्षकांनी या एका ओळीला वेगळा गुण ठेवावा, आणि ती नसेल तर उत्तर जुळले तरी तो देऊ नये.